मदत हवी आहे: गुंतवणूकदारांसाठीच्या व्यवसाय आराखड्याच्या एका पानाच्या सारांशात आधी काय लिहावं?

मंडळी नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवायचं युनिट आहे. दोन सीएनसी मशिनसाठी 60 लाख हवेत, बदल्यात 15 टक्के हिस्सा. म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत 4 कोटी धरली, हे गुंतवणूकदार लगेच ताडणारच. मोठे बंधू म्हणतात, सुरुवात वडिलांच्या वर्कशॉपपासून कर. मला वाटतं, पहिल्या दोन ओळींत पैशांची मागणी आणि मशिन नसल्यामुळे परत जाणाऱ्या ऑर्डरी याव्यात. वडिलांचा अनुभव खाली एका ओळीत.

खरी अडचण वेगळीच आहे. 70 टक्के विक्री एकाच गिऱ्हाईकाला होते. हे पानावरच सांगावं, की आतल्या जोखमीच्या प्रकरणात ठेवावं? लपवलं असं वाटायला नको, पण तिथंच फाईल मिटायलाही नको. गुंतवणूक मिळवलेल्या कुणी हे वाक्य कसं लिहिलं होतं?