मदत हवी आहे: कर्ज समितीतल्या एका सदस्याचा विरोध प्रोसिडिंगमध्ये कसा लिहायचा?

वहीवाला

नमस्कार मंडळी. मी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत आहे आणि कर्ज मंजुरी समितीचं प्रोसिडिंग लिहायचं काम आता माझ्याकडे आलंय. एरवी काही नसतं, मागचं पान बघून "अर्ज वाचण्यात आला, चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" लिहिलं की झालं. पण गेल्या सभेत एका प्रकरणावरून जरा वाजलं.

अर्जदाराने घरदुरुस्तीसाठी 5 लाख मागितलेत, 60 महिने, आमचा दर 12 टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे हप्ता 11,122 येतो. फंड, टॅक्स वगैरे जाऊन पगार उरतो 46,000, त्यातून आमच्याच जुन्या कर्जाचे 7,400 कटतात. छाननीच्या फॉर्मवर एवढंच धरलं होतं आणि सगळे हप्ते मिळून 40 टक्के दाखवले होते, आमच्या कर्ज धोरणात मर्यादा 50 टक्के आहे त्यामुळे सगळं ठीक वाटत होतं. पण समितीतल्या एका मॅडमनी बँकेचं स्टेटमेंट चाळलं तर दर महिन्याच्या 5 तारखेला 6,500 जातायत, गाडीच्या कर्जाचे, ते पगारपत्रकात दिसत नाहीत कारण थेट खात्यातून कटतात. ते धरले की आकडा 54 च्या वर जातो. मॅडम म्हणाल्या 4 लाखाच्या वर देऊ नका, बाकीचे म्हणाले गाडीचे 8च हप्ते राहिलेत, माणूस चांगला आहे, आजवर एक हप्ता चुकवला नाही, पूर्ण 5 लाख देऊ. शेवटी 3 विरुद्ध 1 झालं. पाचवे सदस्य बोलले नाहीत कारण पहिला जामीनदार त्यांचा मेहुणा आहे.

आता अध्यक्ष म्हणतात सर्वानुमते लिही, उगाच वहीत भांडण कशाला. मॅडम म्हणतात माझा विरोध आला नाही तर मी सही करणार नाही. मी मधल्या मध्ये. वाटप अजून व्हायचंय. आणि अटीच्या जागी "आवश्यक कागदपत्रे पूर्ण करून घेण्याच्या अटीवर" एवढंच लिहितो नेहमी, ते चालतं ना?

सदानकदा

यात एवढं काय आहे, 3 विरुद्ध 1 म्हणजे विषय संपला. "बहुमताने मंजूर" लिहा आणि मोकळे व्हा. सर्वानुमते लिहू नका कारण ते खोटं आहे, पण नावबिव घालायची गरज नाही, समितीचा निर्णय सगळ्यांचा मिळून असतो, एकदा झाला की कोण काय बोललं याला अर्थ नाही.

पिंपळपान

माझा पण असाच प्रॉब्लेम आहे, मी अर्ज केला होता, तर नुसतं "समितीने नामंजूर केला" म्हणून सांगितलं, कारण विचारलं तर म्हणतात वहीत कारण लिहिलेलं नाही. मग मी पुढच्या वेळी काय सुधारायचं? माझा हप्ता एकदाही थकला नाहीये. दोन जामीनदार पण दिले होते. प्लीज कोणीतरी सांगा.

निवृत्त तपासनीस

वहीवाले, बरीच वर्षं अशा वह्या तपासल्यात म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

सदानकदांचं अर्धं बरोबर आहे. सर्वानुमते लिहायचं नाही हे बरोबरच. पण नाव नको हे पटत नाही. कर्ज बुडालं आणि नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली की वही उघडून पहिला प्रश्न हाच असतो, सभेला हजर कोण होतं आणि विरोध कोणाचा नोंदलाय. नुसतं "बहुमताने" असेल तर पाचही जण एका रांगेत उभे राहतात, आणि ज्या बाईंनी स्टेटमेंट उघडून बघायचे कष्ट घेतले त्यांना तेव्हा सिद्ध करता येत नाही की आपण नाही म्हणालो होतो. म्हणून नाव, आणि नावापुढे एका वाक्यात कारण. भाषण नको.

पण तुमच्या प्रकरणात विरोधापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोणी विचारली नाही. धोरणात 50 टक्के मर्यादा असेल तर ती ओलांडायचा अधिकार तुमच्या समितीला आहे का? बहुतेक ठिकाणी कर्ज समितीला धोरणात बसणारी प्रकरणंच मंजूर करता येतात, बाहेरचं असेल तर शिफारस करून संचालक मंडळाकडे पाठवायचं. तसं असेल तर 3 विरुद्ध 1 काय, पाचही जण हो म्हणाले असते तरी ते मंजूर झालं नसतं. आधी तुमचे उपविधी आणि धोरणाची प्रत काढून वाचा.

दुसरं, पाचवे सदस्य. ते खोलीत बसून राहिले की बाहेर गेले? जे झालं ते लिहा. बसले असतील तर "जामीनदाराशी नातं असल्याचं सांगितलं, हजर होते, चर्चेत आणि मतदानात भाग घेतला नाही" असं. बाहेर गेले असं सोयीसाठी लिहू नका. आणि त्यांनी नातं सभेत तोंडाने सांगितलंच नसेल, नुसतं सगळ्यांना माहीत होतं, तर तेही "सांगितलं" म्हणून लिहू नका.

पिंपळपान, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. पण नामंजुरीला कारण लिहायलाच हवं, लेखी अर्ज देऊन मागा. हप्ता न थकणं आणि नवा हप्ता पगारात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं बघून ठेवा.

वहीवाला

धन्यवाद साहेब. धोरणाची प्रत काढली, त्यात स्पष्ट आहे, "मर्यादेबाहेरील प्रकरणे समितीच्या शिफारशीसह संचालक मंडळापुढे ठेवावीत." मग आता मी ठरावात "मंजूर" च्या जागी "शिफारस" लिहू का, म्हणजे सगळंच बसतं? पाचवे सदस्य बसूनच होते, नातं त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

मी असं लिहिलंय, बघा जरा:

"विषय 4. मागणी 5 लाख, मुदत 60 महिने, कारण घरदुरुस्ती. अर्जदाराचा पगार व परतफेड समाधानकारक. जामीनदार दोन. चर्चेअंती कर्ज देण्याचे ठरले. एका सदस्यांनी वेगळे मत मांडले. आवश्यक कागदपत्रे पूर्ण करून घेण्याच्या अटीवर."

निवृत्त तपासनीस

नाही, सभेत शिफारस म्हणाले नव्हते ना. मग बदलू नका. सभेत चुकीचं ठरलं असेल तरी वहीत ठरलं तेच जातं, दुरुस्ती पुढच्या सभेत वेगळ्या ठरावाने. तोवर वाटप थांबवा, आणि का थांबवलं ते व्यवस्थापकांना एका कागदावर देऊन पोच घ्या.

मसुद्यात "समाधानकारक" हा शब्द काढा, त्याने काहीच कळत नाही. सभेत जे आकडे टेबलावर होते तेच घाला: पगार 46,000, संस्थेचा हप्ता 7,400, गाडीचा 6,500 आणि तो कुठून कळला ते (बँक स्टेटमेंट), नवा हप्ता 11,122, एकूण 25,022, म्हणजे 54.4 टक्के, मर्यादा 50. छाननी फॉर्मवर 40 का आले होते तेही एका ओळीत, नाहीतर फॉर्म एक सांगतो आणि वही दुसरं, आणि तपासणीत तिथेच बोट पडतं. मग मॅडमचं नाव आणि त्यांचं म्हणणं, 4 लाखाला हप्ता 8,898 बसतो आणि एकूण 22,798 होतात, म्हणजे मर्यादेच्या आत. बाकी तिघांनी 5 लाख का म्हटलं तेही लिहा, 8 हप्ते राहिलेत हे त्यांचं कारण, ते काही वाईट कारण नाही.

समितीत बसणारी

मी आमच्या समितीत आहे आणि दोनदा विरोध नोंदवलाय, म्हणून सहीबद्दल सांगते. मॅडमना सांगा सही अडवू नका. आपली सही म्हणजे लिहिलेलं खरं आहे याला, कर्जाला नाही. विरोध नीट लिहून आला की खाली सही करायची, हवं तर पुढे "विरोध वर नोंदवल्याप्रमाणे" असं हाताने लिहायचं. सही नसेल तर उद्या कोणी म्हणेल त्या सभेलाच नव्हत्या. विरोध आला नाही तर मात्र पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना उठून बोला आणि ते बोलणं त्या सभेच्या वहीत घ्यायला लावा.

"आवश्यक कागदपत्रे" वाली अट आमच्याकडे पण असायची. त्यात गंमत अशी होते की पैसे जातात आणि कागद येतच नाहीत, कारण कोणते कागद हे कोणालाच माहीत नसतं. आता आम्ही वाटपाआधीच्या अटी वेगळ्या लिहितो, ऑफिसचं पगारकपातीचं संमतीपत्र, दुसरा जामीनदार आधीच किती कर्जांना जामीन आहे त्याचा उतारा, आणि प्रत्येकीपुढे कोण बघणार त्याचं नाव. वाटपानंतरच्या वेगळ्या, दुरुस्तीची बिलं अमुक तारखेपर्यंत. वाटपाच्या व्हाउचरला त्या अटींची खूण केलेली यादी जोडल्याशिवाय आमचा रोखपाल चेक काढत नाही.

आणि एक सुचतंय. गाडीचं कर्ज मंजूर रकमेतूनच फेडलं तर? 8 हप्ते म्हणजे 50 हजाराच्या आत-बाहेर. संस्थेने थेट त्या बँकेच्या नावे चेक काढायचा, बेबाकी दाखला आला की उरलेले अर्जदाराला. मग गाडीचा हप्ता गेला, उरतात 7,400 आणि 11,122 म्हणजे 18,522, चाळीस टक्के. 5 लाख पण बसतात आणि धोरण पण मोडत नाही.

सदानकदा

हे भारी आहे. मग हीच अट आत्ताच ठरावात घाला की, मंडळाकडे जायची भानगडच नको.

निवृत्त तपासनीस

सभेत हे कोणी बोललं नाही, मग त्या तारखेच्या वहीत ते येणार नाही. समितीची पुढची सभा लावा, विषय परत घ्या, आधीचा ठराव रद्द करून नवा करा, सूचक-अनुमोदकासकट. शिवाय मला त्यात एक शंका आहे. दुरुस्तीचा अंदाज 5 लाखाचा आहे आणि 50 हजार गाडीत गेले तर तो कमी पडलेले कुठून आणणार? हातउसने घेईल, आणि ते तर स्टेटमेंटमध्येही दिसायचे नाहीत.

समितीत बसणारी

मान्य, पण ते त्याला विचारता येतं ना. 4 लाख दिले तर 1 लाख कमी पडतील, तेव्हा तो हातउसने नाही घेणार का? उलट माझ्या पद्धतीत कमीच कमी पडतात.

निवृत्त तपासनीस

हं. अंदाजपत्रक बघितल्याशिवाय यावर माझं मत नाही.

वहीवाला

सगळ्यांचे आभार. आज अध्यक्षांशी बोललो. आकडे घालायला ते तयार झाले, मॅडमचं नाव पण चालेल म्हणतात, पण कारण नको, नुसतं "विरोध दर्शवला" लिही म्हणतात. वाटप थांबवलंय, त्याचा कागद दिला पण पोच अजून मिळाली नाही. अर्जदार रोज येऊन विचारतोय. कारणाचं काय करू?

समितीत बसणारी

मॅडमकडून त्यांचं कारण त्यांच्याच अक्षरात अर्ध्या पानावर घ्या, तारीख-सहीसकट, आवक नोंदवहीत नंबर टाका आणि ठरावात "विरोधाची लेखी टीप आवक क्र. अमुक, सोबत जोडली" एवढंच लिहा. याला अध्यक्ष नाही म्हणू शकतात का, ते मला खरंच माहीत नाही, आमच्याकडे कोणी म्हणालं नाही. आणि तुमची वही टाइप करून चिकटवलेली असेल तर चिकटवलेल्या कडेवरून सही घ्या, अर्धी कागदावर अर्धी वहीवर.

पिंपळपान

धागा काढलाय, "कर्ज नामंजुरीचं कारण मिळत नाही" या नावाने. तपासनीस साहेब, तिकडे पण बघाल का?