बिशपची जागा नगरसभेने घेतली

>> फक्त बायबल प्रमाण मानलं, तर त्याचा अर्थ कोण ठरवणार?

धर्मसुधारणेच्या काळात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये तो नगरसभेने ठरवला. जानेवारी १५२३ मध्ये तिने जाहीर वादसभा भरवली, बायबलचाच आधार चालेल असं सांगितलं आणि धर्मसुधारक पाद्री झ्विंग्लीची प्रवचनं चालू ठेवली. बिशपने प्रतिनिधी पाठवले, पण निर्णय नगरसभेनेच घेतला. १५२४ मध्ये चर्चमधल्या मूर्ती काढल्या. १५२५ च्या ईस्टरला मिस्सा ही कॅथलिक उपासना बंद होऊन साध्या टेबलावर, लाकडी ताटल्या-पेल्यांतून प्रभुभोजन सुरू झालं.

पण झ्विंग्लीच्याच काही साथीदारांनी विचारलं, मग तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा बायबलात कुठे आहे? प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा दिला म्हणून त्यांच्यातल्याच फेलिक्स मान्झला नगरसभेने जानेवारी १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं. झ्विंग्लीसोबत बसून मूळ भाषांत शास्त्र वाचलेला माणूस होता तो, म्हणून हे मला फार लागतं.