डेल्टा-थीटाचे तुमचे अनुभव

"निफ्टी माझ्या बाजूने गेला, तरी कॉलचा प्रीमियम उतरला" असं तुमच्याबाबतीत कधी झालंय का? आकड्यांसकट लिहा. ऑपरेटरने पाडला वगैरे नको.

पुणेरी_ट्रेडर: झालंय ना. निफ्टी २५,००० ला, एक्स्पायरीला तीन दिवस. २५,२०० चा कॉल ३० रुपयांना घेतला. डेल्टा ०.२१, थीटा उणे १२. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला निफ्टी ४० अंकांनी वर, आणि कॉल २५ वर! ब्रोकरला फोन करून भांडलो.

सदाशिव_काका: भांडण्यासारखं काही नाही. ४० गुणिले ०.२१ म्हणजे जवळपास साडेआठ रुपये आले, थीटाने बारा नेले. साडेतीनचा हिशेब लागला. उरलेला दीड रुपया कुठे गेला ते बघा. स्ट्राइक लांब असला की दिवस सरतो तसा डेल्टाही झिजतो. दुसऱ्या दिवशी निफ्टी जागेवरच असता तर तुमचा ०.२१ चा डेल्टा ०.१६ वर आला असता. म्हणजे ते ४० अंक तुम्हाला कमी भावाने मिळाले. आयव्ही थोडी उतरली असेल तर तोही मार वेगळा. मी खरेदी करायची झाली तर ०.५ च्या आसपासचा डेल्टा घेतो; पैसे जास्त गुंततात, पण चाल आली की हाती काहीतरी लागतं.

थीटा_गँग_नाशिक: म्हणून विकायचं! थीटा रोज सारखाच खिशात पडतो, बाजार जागेवर राहिला की झालं.

सदाशिव_काका: अर्धं बरोबर. सारखा नाही पडत. ॲट द मनीचा थीटा शेवटच्या दोन दिवसांत सुसाट वाढतो, आणि नेमका तेव्हाच डेल्टाही पन्नास अंकांत उलटापालटा होतो. ते भाडं फुकटचं नाही.

मीनल_ठाणे: माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे एका बँकेचे शेअर्स आहेत, त्यावर दर महिन्याला कॉल विकते. डेल्टा ०.२ म्हणजे शेअर्स हातचे जायची शक्यता वीस टक्के, असंच ना?

सदाशिव_काका: ढोबळमानाने हो. पण तो आजचा आकडा, निकालाने शेअर उसळला की एका सकाळीत ०.६ होतो. आणि स्टॉक ऑप्शनमध्ये आता प्रत्यक्ष डिलिव्हरी द्यावी लागते, तेव्हा शेवटच्या आठवड्यात लक्ष ठेवा.

थीटा_गँग_नाशिक: बरं, शनिवार-रविवारचं काय? शुक्रवारी विकून सोमवारी दोन दिवसांचा थीटा फुकट मिळतो.

पुणेरी_ट्रेडर: मला तर शुक्रवारी दुपारीच प्रीमियम सुकलेला दिसतो.

सदाशिव_काका: बरेचदा भाव आधीच उतरवतात. पण दर शुक्रवारी नाही, आणि सोमवारी गॅप उघडला तर मग बोलायलाच नको.

थीटा_गँग_नाशिक: मला अजून पटलं नाही. पुढच्या शुक्रवारी साडेतीनचे भाव इथे टाकतो.