प्रतिसाद: लाल दिवा कितीही मोठा केला तरी?

> "प्रकाश खूप प्रखर केला तर ऊर्जा वाढतेच ना? मग इलेक्ट्रॉन का निघत नाही?"

प्रश्न प्रकाशविद्युत परिणामाचा आहे: प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघतात, पण जस्तासारख्या धातूवर लाल प्रकाश कितीही पाडला तरी निघत नाहीत. एकूण ऊर्जा वाढते, पण ती एका इलेक्ट्रॉनच्या हाती एकगठ्ठा पडत नाही. प्रकाश फोटॉनच्या पुड्यांनी येतो आणि एका पुडीतली ऊर्जा फक्त वारंवारतेवर ठरते: E = hf, यात f म्हणजे वारंवारता आणि h हा प्लँकचा स्थिरांक. प्रखरता वाढवली की पुड्या वाढतात, पुडी मोठी होत नाही.

जस्ताचाच पत्रा घ्या. त्यातून इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण 4.3 eV, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इतकी ऊर्जा लागते. लाल फोटॉनकडे जेमतेम 1.9 eV असतात. दोन फोटॉन मिळून का नाही? कारण पहिल्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन धातूत धडका खात क्षणार्धात गमावतो, दुसरा येईपर्यंत काही उरत नाही. (अतितीव्र लेसरने दोन फोटॉन एकदम शोषले जातात, पण साध्या दिव्याने नाही.)

आता 254 nm चा अतिनील दिवा लावा. 1240 ला nm मधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा eV मध्ये मिळते: 1240/254, म्हणजे 4.9 eV. इलेक्ट्रॉन सुटतो आणि जास्तीत जास्त 0.6 eV गतिज ऊर्जा घेऊन निघतो. दिवा मंद असला तरी लगेच निघतो, फक्त संख्येने कमी.

आमच्या प्रयोगशाळेत ऋणभारित विद्युतदर्शीवर, म्हणजे भार असला की पाने फाकणाऱ्या उपकरणावर, असा पत्रा ठेवून हा दिवा लावला, तर पाने हलेचनात. पत्र्यावर ऑक्साइडचा थर होता. पॉलिश पेपरने घासल्यावर पाने सावकाश मिटू लागली, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून भार कमी होत होता. मध्ये खिडकीची काच धरली आणि पाने जागीच थांबली, कारण काच नेमका हाच अतिनील प्रकाश अडवते. दिव्याचा उजेड मात्र काचेतून तसाच दिसत होता.