अकरा खेळाडू, दोन टेबलं, एक रविवार: स्पर्धा कोणत्या पद्धतीने?

लोकमान्यनगरी (इंदूर): मंडळाची टेबल टेनिस स्पर्धा आहे. अकरा नावं आली. दोन टेबलं, एकच रविवार, दहा ते पाच. नॉकआउट, सगळ्यांशी सगळे, की लीग?

पोहेजिलेबी: नॉकआउट, भिया! दहा सामन्यांत विजेता. पाच जणांना बाय द्या, जेवणाआधी बक्षीस वाटून मोकळे.

रामबागवाली: अन् पहिल्या फेरीत हरलेल्या तिघांनी काय करायचं? माझा मुलगा गेल्या वर्षी वीस मिनिटांत हरला आणि दिवसभर खुर्च्या लावत होता. सगळ्यांशी सगळे खेळवा, तेच न्यायाचं.

जुना पंच: ताई, न्यायाचं आहे, पण अकरा जणांचे सामने होतात पंचावन्न. पाच गेमचा सामना सरावासकट पंचवीस मिनिटं धरा. दोन टेबलांवर जवळजवळ बारा तास लागतील.

मी तीन गट करीन: चार, चार, तीन. गटांचे सामने पंधरा. प्रत्येक गटातले पहिले दोघे पुढे, म्हणजे सहा जण. दोन गटविजेते थेट उपांत्य फेरीत, उरलेल्या चौघांचे दोन सामने. मग उपांत्य, अंतिम. एकूण वीस सामने, साधारण साडेचार तास. जेवणाचा तास धरून साडेतीन-चारला संपेल, उशीर झाला तरी पाचची वेळ हाताशी आहे. कमीत कमी दोन सामने प्रत्येकाला मिळतातच.

पोहेजिलेबी: तीन गटविजेते अन् एक सर्वोत्तम दुसरा, असे चारच घ्या की. दोन सामने वाचतील.

जुना पंच: तिघांच्या गटातला दुसरा दोनच सामने खेळलेला असतो. त्याची तुलना तीन खेळलेल्याशी कशी करणार? भांडण तिथेच होतं.

टेनिसबॉलवाला: आमच्या क्रिकेटच्या लीगला पावसाने घोळ घातला. दोन संघ मध्येच गेले आणि गुणतक्ता कुणालाच कळेना.

जुना पंच: पाऊस नाही, पण हाच घोळ इथेही होतो. कुणी मध्येच गेला तर त्याचे गटातले सगळे निकाल रद्द धरायचे, हे आधी फळ्यावर लिहा. तिघे एकेक जिंकून अडकले तर फक्त त्या तिघांमधले गेम मोजा, जिंकलेले भागिले हरलेले. तरीही सारखे राहिले तर गुण. त्यासाठी प्रत्येक गेमचा आकडा लिहून ठेवणारा माणूस हवा.

लोकमान्यनगरी: आणि दर शनिवारी पाच सामने, अशी लीग?

जुना पंच: अकरा शनिवार लागतील, दर वेळी एकाला सुट्टी. माणसं टिकतील तर उत्तम.

रामबागवाली: दहावी-बारावीवाले नाही टिकणार. पण गटांत कुणाला कुठे घालायचं? गेल्या वर्षीचे पहिले तिघे वेगळे ठेवायचे?

पोहेजिलेबी: चिठ्ठ्या टाका. मागचा चॅम्पियन जावई आहे का?