अनुभव: "माझ्याकडे देण्यासारखं काय आहे?" असं तुम्हीही म्हणालात का?

शरणपूरची_सून
रविवारी पाळकांनी १ करिंथ १२ वर संदेश दिला आणि आजेसासूबाई आठवल्या. याच अध्यायावर जुन्या पाळकसाहेबांनी सांगितलेलं: पाय म्हणतो, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही. त्याला कुणी हाकललेलं नसतं, तो आपणच बाजूला होतो. उपासनेनंतर आजी म्हणाल्या, "मला ना गाता येतं ना वाचता. मी काय करू?" साहेबांनी उलट विचारलं, "आज कोण आलं नव्हतं?" आजींनी बाकांच्या क्रमाने धडाधड नावं सांगितली! मग दर सोमवारी नवरा फोन लावून द्यायचा, बोलायच्या त्या. एक एकट्या राहणाऱ्या बाई घरात पडल्याचं आम्हाला असंच कळलं. तुमचेही अनुभव लिहा.

मेरी_सिडको
किती छान 🙏 आमच्याकडे तालांताचा दाखला घेतात. देवाने प्रत्येकाला कला दिलीय, पुरून ठेवू नका.

निवृत्त_मास्तर
मेरीताई, दाखल्यात कला नाही, धन्याचा पैसा आहे. मत्तय २५:१५ बघा, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे वाटलाय. आणि तिसरा चाकर "मला कमी मिळालं" असं म्हणतच नाही. "मी भ्यालो" म्हणतो. आपल्या लोकांचंही बऱ्याचदा तेच असतं. कृपादानांसाठी करिंथचं वचन २८ वाचा. प्रेषित, संदेष्टे, चमत्कार करणारे यांच्याच यादीत मदत करणारे आणि व्यवस्था पाहणारे आहेत. संदेश देणारे नेमके तिथेच घाई करतात.

पंचवटी_बॉय
नाताळच्या गिफ्टचा धागा आहे का? आमच्या ग्रुपने मागच्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या, मला साबणदाणी आली 😂

शरणपूरची_सून
नाही रे बाबा 😄 वापरतोस ना पण?

हिशेबवाला
मी उलटा अनुभव सांगतो. असाच संदेश ऐकून कागदावर नाव लिहिलं, हिशेब बघीन म्हणून. आजतागायत फोन नाही. कमिटीत तीच चार डोकी, आणि तीच म्हणतात माणसं पुढे येत नाहीत.

निवृत्त_मास्तर
हे खरं आहे. त्याच अध्यायात आहे, डोळ्याला हाताला म्हणता येत नाही की मला तुझी गरज नाही. वचन २१. संदेश फक्त पायाला दिला आणि डोळ्याला सोडलं की असं होतं. आधी कामं मोकळी करायची, मग माणसं मागायची.

हिशेबवाला
कमिटीला कोण सांगणार? तुम्ही सांगा.

मेरी_सिडको
माझे गुडघे गेलेत. प्रीतिभोजनाच्या स्वयंपाकाला नाही म्हटलं तर एकीने तोंड फिरवलं. बाईमाणसाची सेवा म्हणजे कढईच का?

शरणपूरची_सून
मुळीच नाही. वाचन छान करता की तुम्ही, शास्त्रपाठ मागा. बसून वाचला तरी चालेल, मी बोलते पाळकांशी.

मेरी_सिडको
बघते. कुकर लागलाय, नंतर येते.

पंचवटी_बॉय
साबणदाणी आईने घेतली.