मदत हवी आहे : मराठीत लिहिलेला शोकसंदेश अरबीत कसा पाठवावा?

तापीकाठचा (रावेर)

मंडळी, लवकर उत्तर मिळालं तर उपकार होतील.

मस्कतला फळांच्या कोल्ड स्टोअरमध्ये मी नऊ वर्षं होतो. तिथले स्टोअर इन्चार्ज ओमानीच होते, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. आपल्याकडची केळी उतरली की पहिली पेटी स्वतः उघडायचे, फणीतल्या मधल्या केळाच्या देठाशी अंगठा दाबून बघायचे आणि मगच सही करायचे. आठ दिवसांपूर्वी ते हृदयविकाराने गेले. मोठ्या मुलाने मला काल व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं.

आपल्याकडे असतं तर द्वारदर्शनाला गेलो असतो, गंधमुक्तीला थांबलो असतो. तिथे आता जाणं होत नाही, म्हणून चार ओळी तरी नीट जाव्यात असं वाटतं. मुलांना इंग्रजी येतं. पण त्यांच्या आईला आणि काकांना येत नाही, आणि पत्र त्यांच्यासमोर वाचलं जाईल. मला कामापुरती अरबी बोलता येते, लिहिता येत नाही. मराठी मजकूर असा आहे :

"आदरणीय परिवारास सादर नमस्कार. आपले वडील कै. (नाव) यांना देवाज्ञा झाल्याचे समजले व फार दुःख झाले. आपले पितृछत्र हरपले. नऊ वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले, ते मला मोठ्या भावासारखे होते. माझे वडील गेले तेव्हा रात्री स्वतः गाडी काढून त्यांनी मला विमानतळावर सोडले, खिशात चाळीस रियाल ठेवले आणि पुढे कधी घेतले नाहीत. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. भावपूर्ण श्रद्धांजली."

गावातल्या, आखातात राहून आलेल्या एकाने याचं अरबी करून दिलं. त्यात 'अजर' शब्द आहे. आमच्या स्टोअरमध्ये अजर म्हणजे पगार. शोकसंदेशात पगार कुठून आला, म्हणून पाठवायला हात धजत नाही.

भडगावकर

भाऊ, एवढं अवघड करू नका. उर्दूतलं सगळं अरबीतूनच आलंय. 'आपके वालिद के इंतकाल की खबर सुनकर बहुत अफसोस हुआ, अल्लाह मरहूम को जन्नत नसीब करे' एवढं अरबी लिपीत लिहा, कळेल त्यांना. सुरुवातीला 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' मात्र घालू नका. ते फक्त मुसलमानाने मुसलमानाला म्हणायचं असतं.

सुरेखा_अमळनेर

माझे मिस्टर कुवेतला असताना त्यांच्या इजिप्तच्या साहेबांचे वडील वारले होते. आम्ही असाच कोणाकडून तरी मजकूर घेऊन पाठवला. नंतर कळलं की ते कॉप्टिक ख्रिश्चन. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून ओशाळल्यासारखं होतं. तेव्हा आधी घरचा धर्म बघा. त्यांच्यासाठी काय लिहायला हवं होतं, हेही कोणी सांगाल का?

मुदर्रिस (भुसावळ)

तापीकाठचे भाऊ, आधी तुमच्या सहकाऱ्याबद्दल मनापासून दुःख व्यक्त करतो. तीस वर्षं अरबी शिकवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'अजर' बरोबरच आहे. मजुरीलाही अज्र म्हणतात आणि सहन केल्याचं जे पुण्य अल्लाह पदरी घालतो, त्यालाही अज्रच. 'अज़्ज़मल्लाहु अज्रकुम' म्हणजे अल्लाह तुमचं पुण्य वाढवो. ओमानच काय, साऱ्या आखातात माणूस गेल्यावर तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. तुमच्या मित्राने शब्द बरोबर दिला. चूक असलीच तर त्याच्या शेपटीत असेल. त्याने 'अज्रक' लिहिलं आहे की 'अज्रकुम'? 'क' म्हणजे एकट्याला, तू. 'कुम' म्हणजे अनेकांना, आणि पत्रात आदरार्थीही. आपण दुखवट्याच्या पत्रात 'तुला' लिहीत नाही, तसंच हे. पूर्ण मजकुरात प्रत्येक ठिकाणी 'कुम' हवं. एका वाक्यात 'क' आणि पुढच्यात 'कुम' आलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं, हे इकडून-तिकडून जोडलेलं आहे.

भडगावकर, शब्द अरबीतून आले हे खरं, पण अर्थ वाटेत बदलले. 'इंतकाल' नुसता लिहिला तर अरबी वाचणाऱ्याला बदली किंवा स्थलांतर वाटेल. 'इन्तकल इला रह्मतिल्लाह', म्हणजे अल्लाहच्या कृपेकडे गेले, असं पूर्ण लिहिलं तरच मृत्यू कळतो. 'अफसोस' फारसी आहे. 'मरहूम' अरबीत चालतो, पण काही विद्वानांना तो खटकतो. त्यांचं म्हणणं, कृपा झालीच असं आपण कोण सांगणार? म्हणून औपचारिक पत्रात 'अल्-मग़्फ़ूर लहू बि-इज़्निल्लाह' लिहितात, म्हणजे अल्लाहच्या अनुज्ञेने क्षमा लाभलेले. तुमच्या 'कै.'च्या जागी हेच बसेल. कैलासाचं भाषांतर करायला जाऊ नका.

आता तुमच्या मराठीतलं काय तसंच राहील आणि काय बदलेल ते सांगतो. 'देवाज्ञा झाली' हा विचार अरबी मनाला अगदी जवळचा आहे, पण वाक्य त्यांच्या पद्धतीचं करावं लागेल. 'पितृछत्र हरपले' सोडा. आपल्या कानाला ते भरून आल्यासारखं वाटतं, तिकडे वाचणारा छत्री शोधत बसेल. 'आत्म्यास शांती' शब्दशः केलं तर ते ख्रिस्ती प्रार्थनेसारखं होतं. मुस्लिम घरी शांतीपेक्षा रहमत मागतात. 'श्रद्धांजली'ला जोड नाही आणि तिची गरजही नाही.

उशिरा कळलं हे मात्र जरूर लिहा. तिकडे सांत्वनाचे तीन दिवस धरतात, पण जो दूर होता किंवा ज्याला कळलंच नाही, त्याला नंतरही मोकळीक असते. एक वाक्य घातलं की तुमचा उशीर त्यांना खुपणार नाही.

मजकूर असा होईल. या साइटवर उजवीकडून डावीकडची लिपी उलटीपालटी दिसते, म्हणून इथे उच्चार देतो; अरबी लिपीतला व्यनि केला आहे.

"इला अब्नाइल्-फ़कीदिल्-किराम व उस्रतिहिल्-करीमा. अस्सलामु अलैकुम व रह्मतुल्लाहि व बरकातुह. बि-बालिग़िल्-हुज़्नि वल्-असा तलक्कैतु नबअ वफ़ाति वालिदिकुम, अल्-मग़्फ़ूरि लहू बि-इज़्निल्लाह (नाव), व कद बलग़निल्-ख़बरु मुतअख्खिरन. अमिल्तु मअहू तिस्अ सनवात, फ-कान ली अख़न कबीरन. व यौम तुवुफ़्फ़िय वालिदी औसलनी बि-नफ़्सिही इलल्-मतारि लैलन, व लन अन्सा लहू हाज़ल्-मअरूफ़. अज़्ज़मल्लाहु अज्रकुम, व अह्सन अज़ाअकुम, व तग़म्मदल्-फ़कीद बि-वासिइ रह्मतिह, व अल्हमकुमुस्-सब्र वस्-सुल्वान. अखूकुम (तुमचं नाव)."

पहिली ओळ मुलांना आणि कुटुंबाला उद्देशून आहे. त्यांच्या आईचं नाव तुम्हाला ठाऊक असलं तरी घालू नका. परपुरुषाने पत्रात घरच्या बाईचं नाव घेणं तिकडे बरं दिसत नाही. 'उस्रा'त त्या आल्याच. पुढे दिवंगताबद्दल जो 'हू' किंवा 'हि' येतो तो पुरुषाचा आहे. हा मजकूर उद्या कोणी बाई गेल्यावर वापरेल, तर 'फ़कीद'चं 'फ़कीदा', 'वालिद'चं 'वालिदा' आणि अशा प्रत्येक 'हू'-'हि'चं 'हा' करावं लागेल; 'कान', 'औसलनी' आणि 'अख़न कबीरन' यांचंही स्त्रीलिंगी रूप लागेल. बहुतेक लोक एकच जागा बदलतात आणि दुसरी विसरतात.

विमानतळाची ओळ मी मुद्दाम ठेवली. बाकीचं सगळं ठरलेलं आहे, हजार पत्रांत तेच असतं. ही एक ओळ फक्त तुम्हीच लिहू शकता. पैशाचं मात्र काढलं. माणूस गेल्यावर वाटणीआधी त्याचं देणं-घेणं मिटवतात आणि त्याला येणं असलेला पैसा वारसांचा होतो. सांत्वनाच्या पत्रात चाळीस रियाल वाचून कोणी विचारात पडेल, हे कर्ज होतं का? तुम्ही परत द्यायला गेला होतात का?

सुरेखाताई, कॉप्टिक घरी 'अर्-रब्ब युनय्यिह नफ़्सह' म्हणतात, प्रभू त्यांच्या जीवाला विसावा देवो. म्हणजे आपलं 'आत्म्यास शांती' तिथे बरोबर बसलं असतं. साध्या 'अल्लाह यर्हमुह'नेही काम होतं. अरब ख्रिश्चनही देवाला अल्लाहच म्हणतात. मनाला लावून घेऊ नका.

तापीकाठचा (रावेर)

सर, काय बोलू. व्यनि मिळाला. मित्राच्या मजकुरात खरंच एका ठिकाणी 'क' आणि दोन ठिकाणी 'कुम' होतं.

पैशाचं सांगतो. दोनदा द्यायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माझी मूठ मिटवून माझ्याच छातीशी टेकवली आणि गोडाऊनकडे चालू लागले. तेच आठवून लिहिलं होतं.

अजून एक. माझं आडनाव पाटील. तिकडच्या कार्डावर 'बातील' छापलं होतं. पत्रात काय लिहू? आणि 'इन्ना लिल्लाहि' घालू की नको?

मुदर्रिस (भुसावळ)

बातीलच लिहा. अरबीत 'प' नाही, आणि मुलांनी वडिलांच्या तोंडून तेच ऐकलं असेल. 'त' मात्र कार्डावर होता तोच ठेवा. दुसऱ्या, जड 'त'ने लिहिलं आणि मधली 'य' राहिली तर 'बातिल' होतं, म्हणजे खोटं. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवू नका, ओळीतले शब्द इकडे-तिकडे उड्या मारतात. मजकूर पुन्हा टाइप करू नका, उचलून चिकटवा.

द्यायला गेलात आणि त्यांनी घेतले नाहीत, म्हणजे ते तुम्हाला दिलेच. माझ्या मते कर्ज उरत नाही.

'इन्ना लिल्लाहि' कुराणातलं आहे, दुसऱ्या सूरेतली 156वी आयत. गैरमुस्लिमाने लिहू नये असा नियम माझ्या वाचनात नाही आणि आखातात कितीतरी हिंदू सहकारी लिहितात. पण 'आम्ही अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परतणार' हे बोलणाऱ्याने स्वतःबद्दल म्हटलेलं वाक्य आहे. तुमच्या मनातून येत असेल तर घाला.

भडगावकर

सर, इंतकालचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, खरंच. पण आयतेबद्दल मी अजूनही म्हणेन, नको. आमच्या शेजारच्या चाचांनाही ते आवडलं नसतं.

सुरेखा_अमळनेर

मला तर वाटतं घालावं. आपल्या दारावर कोणी येऊन 'राम कृष्ण हरी' म्हटलं, तर आपण त्याला जात विचारतो का?

तापीकाठचा (रावेर)

काल रात्री पाठवलं. आयत घातली नाही. मला ती नीट म्हणता येत नाही, मग लिहू कशी, असं वाटलं.

सकाळी मोठ्या मुलाचं उत्तर आलं, 'अज्रना व अज्रकुम'. पाठोपाठ आवाजी निरोप. काकांनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं म्हणे. विमानतळाची गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. आईने ती ओळ परत वाचायला लावली.

चाळीस रियालचं सरांनी सांगितलं ते पटतं, तरी मनातून जात नाही. मुलाशी फोनवर बोलताना सांगू की राहू देऊ, ठरत नाही.

सुरेखा_अमळनेर

सांगा भाऊ. पैसे म्हणून नाही. मूठ मिटवली होती, ते सांगा.